एकच वजन, दोन मुलं: गोमेझपासून झेड स्कोअरपर्यंत

कुपोषणाची क्लासिफिकेशन्स पाठ करताना सगळ्यांचा गोंधळ एकाच जागी होतो, गोमेझचे कटऑफ इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सच्या, म्हणजे आयएपीच्या, वर्गीकरणाला लावले जातात आणि वॉटरलोचे कुठेच लावले जात नाहीत. कारण आपण ती एकाच प्रश्नाची चार उत्तरं समजतो. खरं तर प्रत्येकाने वेगळा प्रश्न विचारला होता.

आधी दोन मुलं समोर ठेवू. दोघंही १८ महिन्यांचे मुलगे, दोघांचं वजन बरोब्बर ८ किलो, सूज कुणालाच नाही. पहिल्याची लांबी ७० सेंमी, दुसऱ्याची ८०. आत्ताच्या डब्ल्यूएचओ तक्त्यात या वयाच्या मुलग्याचं मीडियन वजन १०.९ किलो आणि लांबी ८२.३ सेंमी. सोयीसाठी जुन्या पद्धतींनाही हाच मीडियन लावतोय, त्या काळी रेफरन्स वेगळे होते हे लक्षात असू द्या.

मेक्सिकोच्या फेदेरिको गोमेझ यांनी १९४६ मध्ये वयानुसार वजनाचे टक्के काढून तीन डिग्री पाडल्या: ७६ ते ९० पहिली, ६१ ते ७५ दुसरी, ६० किंवा त्याखाली तिसरी. त्यांच्या १९५६ च्या गाजलेल्या पेपरचा विषय होता दुसऱ्या आणि तिसऱ्या डिग्रीतल्या मुलांचे मृत्यू, म्हणजे प्रश्न हॉस्पिटलमधला होता, आलेल्या मुलांपैकी कोण दगावण्याची शक्यता जास्त. त्यासाठी वजन पुरेसं होतं. आपली दोन्ही मुलं ८ भागिले १०.९, म्हणजे ७३ टक्के, दोघंही सेकंड डिग्री. आयएपीच्या १९७२ च्या वर्गीकरणात ७१ ते ८० म्हणजे ग्रेड वन, तिथेही दोघं एकाच रांगेत. नावं बदलली, पण मुलं काही वेगळी झाली नाहीत.

मधे १९७० ला वेलकम वर्गीकरण आलं, त्यांचा प्रश्न सुजेचा. तोवर क्वाशिओरकोर नेमकं कुणाला म्हणायचं यावर एकमत नव्हतं (हे नाव सिसिली विल्यम्स यांनी १९३५ मध्ये वैद्यकीय साहित्यात आणलं, गोल्ड कोस्टमधल्या, म्हणजे आताच्या घानातल्या, कामातून). वेलकमवाल्यांनी सोपं केलं: ६० ते ८० टक्के वजन आणि सूज असेल तर क्वाशिओरकोर, सूज नसेल तर नुसतं अंडरवेट, ६० च्या खाली सूज नसेल तर मरॅस्मस, असेल तर मरॅस्मिक क्वाशिओरकोर. परीक्षेत सूज हा शब्द दिसला की आधी इथे थांबा, कारण सुजेचं पाणीही काट्यावर चढतं आणि वजन खोटं दिसतं.

खरी गाठ सुटली १९७२ मध्ये, जॉन वॉटरलो यांच्याकडून. जमैकात त्यांनी कुपोषित मुलांवर बरीच वर्षं काम केलं होतं, आणि त्यांचं म्हणणं असं की वयानुसार वजन कमी असण्यामागे दोन वेगळ्या गोष्टी असतात, मूल उंचीच्या मानाने बारीक आहे किंवा मूल वयाच्या मानाने बुटकं आहे, आणि काटा त्या दोन्ही एकत्र करून एकच आकडा सांगतो. बारीक म्हणजे वेस्टिंग, बुटकं म्हणजे स्टंटिंग.

आता आपली मुलं बघा. ७० सेंमी लांबीला मीडियन वजन ८.४, म्हणजे पहिला मुलगा ९५ टक्के, वेस्टिंग नाहीच. पण त्याची लांबी वयाच्या मानाने ८५ टक्के, चांगलाच स्टंटेड. दुसऱ्याला ८० सेंमीला १०.४ किलो हवं होतं, तो ७७ टक्क्यांवर, उंची मात्र ९७ टक्के, ठीक. काट्यावर जुळे भाऊ, प्रत्यक्षात दोन वेगळे आजार.

वॉटरलोनुसार ७० ते ८० टक्के म्हणजे मॉडरेट वेस्टिंग. पण २००६ मध्ये डब्ल्यूएचओची नवी स्टँडर्ड्स आली, ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या, आईचं दूध पिणाऱ्या आणि चांगल्या परिस्थितीत वाढणाऱ्या मुलांवरून बनवलेली, आणि टक्क्यांच्या जागी झेड स्कोअर रुळला, म्हणजे मूल मीडियनपासून किती स्टँडर्ड डेव्हिएशन, एसडी, दूर आहे ते. ८० सेंमीला उणे ३ एसडीची रेघ ८.२ किलोवर आहे, आपला मुलगा ८ वर, म्हणजे सिव्हिअर अॅक्यूट मालन्यूट्रिशन, थोडक्यात सॅम. तोच मुलगा १९७२ च्या पद्धतीने मॉडरेट, आजच्या पद्धतीने सिव्हिअर. म्हणून प्रश्नात कुठलं क्लासिफिकेशन विचारलंय ते आधी वाचा, आकडे नंतर.

इथे मोजमापाची चूक महागात पडते. मुलाने गुडघे वाकवले आणि ८० च्या जागी ७७ लिहिलं गेलं की तो उणे ३ च्या वर सरकतो आणि सॅम राहतच नाही. दोन वर्षांखाली झोपवूनच मोजायचं, उभं करून मोजलं असेल तर ०.७ सेंमी मिळवायचे. दंडाची पट्टी इथे आधार देते, ६ ते ५९ महिन्यांत दंडाचा घेर ११५ मिमीखाली असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल तर उंची न बघताही सॅम. हा कटऑफ आधी ११० होता, २००९ ला बदलला, जुन्या नोट्समध्ये अजून सापडतो.

आता खाणं. दुसऱ्या मुलाला भूक नाही म्हणून अॅडमिट केलंय असं धरू. पूर्वी क्वाशिओरकोर म्हणजे प्रोटीनची कमतरता असं समीकरण होतं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून भरपूर प्रोटीन द्यायचा मोह व्हायचा. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लॅरेन यांनी या प्रोटीनवेडावर लॅन्सेटमध्ये सडकून टीका केली. १९९६ च्या एका आढाव्यात तर दिसलं की कित्येक दशकं हॉस्पिटलमधला मृत्युदर २० ते ३० टक्क्यांवरच अडकलाय, आणि एक मोठं कारण चुकीची ट्रीटमेंट. उपाशी शरीराने हृदय, लिव्हर, किडनी सगळं मंद केलेलं असतं, त्यावर एकदम भार टाकला की मूल हार्ट फेल्युअरमध्ये जातं.

म्हणून आधी एफ-७५, उपचारासाठी बनवलेलं दूध. १०० मिलीत ७५ किलोकॅलरी, प्रोटीन जेमतेम ०.९ ग्रॅम. १३० मिली दर किलोला, म्हणजे या मुलाला दिवसाला १०४० मिली, दोन तासांनी साधारण ८५ ते ९० मिली, रात्रीसुद्धा. त्यातून ७८० किलोकॅलरी मिळतात, किलोमागे १०० च्या आसपास. या टप्प्यात वजन वाढवायचं नसतं, मूल जगवायचं असतं, त्यामुळे वजन वाढत नाही म्हणून घाबरून दूध वाढवू नका. लोहही आत्ता नाही.

भूक परतली की एफ-१००, पण पहिले दोन दिवस तेवढ्याच मिलीत. गंमत बघा, मिली तेच, कॅलरी मात्र ७८० वरून १०४०, आणि प्रोटीन ९ ग्रॅमवरून ३० वर. मग दर फीडला १० मिली वाढवत जायचं, मूल थोडं शिल्लक टाकेपर्यंत. पल्स २५ ने आणि श्वास ५ ने वाढून चार तासांनीही तसाच राहिला तर फीड कमी करा, ते फेल्युअरचं पहिलं लक्षण. पुढे किलोमागे १५० ते २२० किलोकॅलरी, आणि वजन दिवसाला किलोमागे १० ग्रॅम, म्हणजे याचं ८० ग्रॅम वाढलं तर उत्तम. ५ च्या खाली असेल तर फीड खरंच पोटात जातंय का ते स्वतः बसून बघा, मग इन्फेक्शन शोधा.

आणि पहिला मुलगा? त्याला यातलं काहीच नको. एफ-१०० दिलं तर वजन वाढेल, लांबी नाही, तो नुसता बुटका आणि गुबगुबीत होईल. त्याला आईचं दूध चालू ठेवून दिवसाला तीन-चार वेळा घट्टसर, वेगवेगळ्या प्रकारचं घरचं खाणं, वरून एक-दोनदा मधलं खाणं, वारंवार होणाऱ्या जुलाबांवर लक्ष, आणि दर महिन्याला वजनाबरोबर लांबीसुद्धा चार्टवर.