ग्राफिक्स कार्डासाठी पॉवर सप्लायची पडताळणी

संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवण्याआधी त्यातला पॉवर सप्लाय, म्हणजे बाजारात ज्याला एसएमपीएस म्हणतात तो, त्या कार्डाला पुरेल का आणि कार्डाला लागणाऱ्या केबल त्याला आहेत का, हे तपासणे. वॅटचा हिशेब आणि केबलचा हिशेब वेगवेगळे करावे लागतात. एकात पास झालेला सप्लाय दुसऱ्यात नापास होऊ शकतो.

स्टिकर कसा वाचावा

खोक्यावरचा मोठा आकडा बाजूला ठेवून सप्लायच्या अंगावरचा तक्ता पाहावा. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर जवळजवळ सगळी वीज +12 व्होल्टच्या ओळीवरून घेतात, त्यामुळे तिथले अँपिअर खरे महत्त्वाचे. 45 अँपिअर लिहिले असतील, तर 45 गुणिले 12, म्हणजे 540 वॅट. 550 वॅटच्या सप्लायसाठी हे ठीक आहे. उलट नावाला 450 वॅट आणि 12 व्होल्टवर 18 अँपिअर असतील, तर हाती 216 वॅटच उरतात. बाकीचा आकडा 3.3 आणि 5 व्होल्टच्या ओळींनी फुगवलेला असतो, आणि आजच्या संगणकात त्यांना फारसे काम नसते. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ आलेल्या सप्लायमध्ये हा प्रकार हमखास दिसतो. 12 व्होल्टच्या दोन ओळी दाखवल्या असतील तर त्यांची बेरीज करू नये. दोन्हींची एकत्रित मर्यादा वेगळी छापलेली असते, ती धरावी.

80 प्लस ब्राँझ, गोल्ड ही चिन्हे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वाया जाते ते सांगतात. सप्लाय किती वॅट देऊ शकतो याच्याशी त्यांचा संबंध नाही.

एक हिशेब

इंटेल कोर आय5-12400एफ, 550 वॅटचा चांगला सप्लाय (12 व्होल्टवर 45 अँपिअर) आणि घ्यायचे आहे रेडिऑन आरएक्स 7800 एक्सटी. कार्डाची वीज 263 वॅट. प्रोसेसरच्या नावापुढे 65 वॅट दिसतात, पण ते मूळ वेगाचे. टर्बोमध्ये इंटेलनेच 117 वॅट कमाल दिले आहेत, म्हणून 117 धरायचे. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांचे मिळून 50. बेरीज 430 वॅट.

मग एएमडी या कार्डासाठी 700 वॅटचा सप्लाय का सुचवते? एक तर तुमचा प्रोसेसर कोणता आणि सप्लाय किती खरा, हे कंपनीला माहीत नसते. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. 263 ही सरासरी आहे. कार्ड मिलिसेकंदाहूनही कमी वेळासाठी त्याच्या कितीतरी वर उसळी घेते. वॅटमीटरला ती दिसत नाही, पण सप्लायच्या संरक्षण सर्किटला दिसते, आणि ते संगणक बंद करते. 2020 साली आरटीएक्स 3080 आणि 3090 आल्यावर चांगल्या सप्लायवरही संगणक अचानक बंद पडू लागले, त्यामागे बऱ्याचदा हेच होते. 2022 च्या एटीएक्स 3.0 मानकाने म्हणूनच नव्या 16 पिनी कनेक्टरच्या, 450 वॅटहून मोठ्या सप्लायने 100 मायक्रोसेकंदांपर्यंत आपल्या नावावरच्या वॅटच्या दुप्पट भार झेलला पाहिजे अशी अट घातली.

आपल्या उदाहरणात 430 म्हणजे 540 च्या सुमारे 80 टक्के. सप्लाय एटीएक्स 3.0 किंवा 3.1 चा असेल तर निभावेल. पाच-सहा वर्षे जुना असेल तर 650 किंवा 700 वॅटचा घ्यावा. त्याच संगणकात 200 वॅटचे आरटीएक्स 4070 घातले तर बेरीज 367 येते. एनव्हिडिया 650 सुचवत असली तरी चांगल्या 550 वर ते आरामात चालते.

केबल

मदरबोर्डचा स्लॉट जास्तीत जास्त 75 वॅट देतो, 6 पिनांचा कनेक्टर 75 आणि 8 पिनांचा 150. म्हणून 75 वॅटचे जीटीएक्स 1650 बहुतेकदा वेगळ्या केबलशिवाय चालते, तर 7800 एक्सटीला 8 पिनांचे दोन कनेक्टर लागतात.

सप्लायला अशी दोन तोंडे आहेत म्हणून काम झाले, असे मात्र नाही. अनेकदा ती एकाच केबलच्या टोकाला साखळीने जोडलेली असतात, आणि मग दोन्ही कनेक्टरांचा भार त्याच तारांवरून जातो. 7800 एक्सटीसारख्या कार्डाला दोन स्वतंत्र केबल लावाव्यात. दुसरे तोंड लोंबकळत राहिले तरी चालेल.

प्रोसेसरची 8 पिनी केबल दिसायला तशीच असते. ती 4+4 अशी दुभंगते, ग्राफिक्सची 6+2 अशी. दोन्हींत 12 व्होल्ट आणि ग्राउंडच्या रांगा उलट असतात, त्यामुळे ताकद लावून बसवली तर थेट शॉर्ट. डिस्कला वीज देणाऱ्या साटा केबलवरून 6 पिन काढून देणारे स्वस्त ॲडॅप्टरही टाळावेत: साटा कनेक्टर 12 व्होल्टवर 54 वॅटच देऊ शकतो आणि कार्ड 75 मागू शकते, प्लास्टिक वितळते ते इथे. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणाऱ्या सप्लायची केबल दुसऱ्या मॉडेलच्या सप्लायला कधीही लावू नये. सप्लायकडच्या टोकाची पिनरचना प्रमाणित नाही. केबल बसेल, पण भलत्याच पिनवर 12 व्होल्ट जाऊन कार्ड किंवा डिस्क जळेल.

नव्या कार्डांवर 16 पिनांचा 12व्हीएचपीडब्ल्यूआर किंवा त्याची सुधारित 12व्ही-2x6 आवृत्ती असते, मर्यादा 600 वॅट. त्यातल्या चार बारीक पिनांपैकी दोन सप्लाय किती वॅट देऊ शकतो ते कार्डाला कळवतात. 600 वॅटला सहा जाड पिनांतून प्रत्येकी 8 अँपिअरहून जास्त प्रवाह जातो, त्यामुळे कनेक्टर अर्धवट बसला तर तो तापतो. 2022 मध्ये आरटीएक्स 4090 चे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारींनंतर एनव्हिडियाने पूर्ण न बसलेला प्लग हे वारंवार आढळलेले कारण सांगितले. क्लिप लागल्याची खात्री करावी, प्लग आणि सॉकेट यांत फट दिसता कामा नये, आणि पहिल्या साडेतीन सेंटिमीटरमध्ये केबल वाकवू नये.

ऑफिसातून निघालेले रिफर्बिश्ड संगणक हा वेगळाच विषय. डेल ऑप्टिप्लेक्ससारख्या अनेक मॉडेलांत 300 वॅटच्या आतला, वेगळ्या आकाराचा आणि ग्राफिक्सची केबलच नसलेला सप्लाय असतो. तिथे स्लॉटवर चालणारे कार्डच शहाणपणाचे.

दोष कसा ओळखावा

केबल लावायची राहिली तर एनव्हिडियाची अनेक कार्डे पडद्यावर PLEASE POWER DOWN AND CONNECT THE PCIe POWER CABLE(S) FOR THIS GRAPHICS CARD असे लिहितात. गेम सुरू असताना निळा पडदा न येता संगणक बटण दाबल्यासारखा बंद झाला आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये Kernel-Power 41 ही नोंद मिळाली, तर पहिला संशय सप्लायवर घ्यावा. ती नोंद फक्त अचानक बंद पडल्याची असते, कारण सांगत नाही. एनव्हिडिया कार्डावर प्रशासक म्हणून विजेची मर्यादा कमी करून पाहता येते:

```
nvidia-smi -q -d POWER
nvidia-smi -pl 160
```

पहिल्या आदेशात कार्डाची किमान मर्यादा दिसते. दुसऱ्या आदेशातला आकडा तिच्या खाली नको. मर्यादा उतरवल्यावर बंद पडणे थांबले तर संशय बळावतो.

संगणक यूपीएसवर असेल तर तोही मोजावा. 600 व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण 360 वॅट देतो. वरच्या उदाहरणातले 430 वॅट भिंतीकडून 500 च्या आसपास होतात, त्यामुळे गेम चालू असताना वीज गेली की यूपीएस ओव्हरलोड होऊन संगणकासकट बंद पडतो, आणि दोष विनाकारण सप्लायवर येतो.