पैसे भरले म्हणून लेव्हल अवघड झाली?

"लेव्हल ३७ ला मला २२ चाली अन् भावाला २६. मागं पैसे भरले, म्हणून गेम मलाच पिळतोय ना?"

लातूरच्या एका घरातला हा संशय आमच्या गेमबद्दलच होता, आणि तो चुकीचा निघाला. गेम फोनवर टाकताना एक ओळख क्रमांक तयार होतो. त्यावर गणित करून ० ते ९९ मधला आकडा निघतो. ४९ पर्यंतच्यांचा एक गट, त्यांना २६ चाली; पुढच्यांचा दुसरा, त्यांना २२. भावाचा आकडा १३ आला, ह्याचा ७१. खर्चाचा रकाना ह्या हिशोबात नव्हताच.

चालींचा आकडा सर्व्हरवरून येतो, म्हणून अपडेट न करताही लेव्हल बदलते. त्यासाठी गूगलची फायरबेस ही सेवा वापरली तर नवा आकडा साधारण १२ तासांनी उचलला जातो, त्यामुळे "काल सोपी होती" हेही खरं असू शकतं. गेम काढून पुन्हा टाकला तर क्रमांक नवा मिळतो अन् गटही बदलू शकतो. अर्थात खात्याने लॉगिन असेल तर बहुधा नाही.

गेममधल्या नाण्यांच्या किमतीचं थोडं वेगळं. प्ले स्टोअरवर `coins_29` आणि `coins_49` अशा दोन वस्तू आधीच नोंदवलेल्या असतात, सर्व्हर फक्त कोणती दाखवायची ते सांगतो.

सगळेच गेम एवढे सरळ नसतात. काही जण खर्च पाहूनही गट पाडतात. पण तिथंही चाली कमी करण्यापेक्षा महागडी ऑफर पुढं करण्याकडेच कल जास्त, कारण वैतागलेला गिऱ्हाईक गेमच काढून टाकतो.