सात चेंडू मागितले, आठ आले

चित्र बनवणाऱ्या मॉडेलला लिहून दिलं: «पांढऱ्या टेबलावर सात लाल चेंडू». चित्र आलं. टेबल पांढरं, चेंडू लाल, सावल्याही जागच्या जागी. चेंडू मात्र आठ. पुन्हा बटण दाबलं तर सहा. तिसऱ्यांदा नऊ, आणि त्यातले दोन एकमेकांत असे घुसलेले की त्यांना एक म्हणावं की दोन, हाच प्रश्न. सावलीचा कोन सांभाळणाऱ्या यंत्राला सातापर्यंत मोजता येऊ नये, हे विचित्र वाटतं. पण चित्र तयार होताना मोजणी अशी कुठे होतच नाही.

२०२२ साली खुलं झालेलं स्टेबल डिफ्यूजन हे मॉडेल उदाहरणाला घेऊ, कारण त्याची आतली रचना सर्वांना पाहता येते. त्याची सुरुवातीची आवृत्ती ५१२ × ५१२ ठिपक्यांचं चित्र थेट काढत नाही. आधी ६४ × ६४ चौकटींच्या एका आटोपशीर जाळीवर काम होतं आणि शेवटी त्या जाळीचं पूर्ण चित्र केलं जातं. सुरुवातीला जाळीवर नुसता गोंगाट असतो, जुन्या टीव्हीवर दिसायच्या त्या मुंग्यांसारखा. मॉडेल दर टप्प्याला यातला थोडा गोंगाट काढून टाकतं. असे वीस ते पन्नास टप्पे झाले की चित्र उरतं.

आपलं वाक्य यात कसं शिरतं? आधी त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचं आकड्यांच्या लांब यादीत रूपांतर होतं. मग जाळीची प्रत्येक चौकट दर टप्प्याला जणू विचारते: या शब्दांपैकी माझ्याशी कोणाचा किती संबंध? ‘चेंडू’ या शब्दाला याचं उत्तर सोपं आहे. इथे चेंडू आहे किंवा नाही. ‘लाल’लाही सोपं आहे. पण ‘सात’? कोणतीही एक चौकट ‘सात’ असू शकत नाही. लालपणा प्रत्येक चेंडूत असतो, सातपणा एकाही चेंडूत नसतो. तो सगळ्यांचा मिळून असतो. त्यामुळे ‘सात’ची ओढ चित्रावर एका जागी न पडता सगळीकडे पातळ पसरते, आणि तिचा अर्थ उरतो ‘बरेचसे’.

चौकटी एकमेकींशीही बोलतात, हे खरं. म्हणूनच तर सावल्या एका दिशेला पडतात. पण ‘पाच झाले, आता दोन उरले’ अशी नोंद ठेवायला यंत्रात वही नाही. सातही चेंडू एकाच वेळी, एकत्रच धुक्यातून वर येतात. आणि ते येतात फार लवकर. पहिल्या काही टप्प्यांतच कुठे काय असणार याचे ढोबळ डाग पडतात. उरलेले टप्पे कडा, चकाकी, पोत यांवर खर्च होतात. सुरुवातीच्या गोंगाटात योगायोगाने आठ डाग पडले, तर पुढे आठवा पुसला जाण्याची शक्यता फार कमी. उलट तो अधिकच झकास रंगवला जातो.

आपणही एका नजरेत सात ओळखतोच असं नाही. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८७१ साली स्वतःवरच प्रयोग केला. पेटीत घेवड्याच्या बिया टाकायच्या, एक नजर टाकून आकडा सांगायचा, मग मोजून पाहायचं. तीन-चार बियांना त्यांची चूक कधीच झाली नाही. पाचापासून व्हायला लागली आणि पुढे वाढत गेली. चित्रांच्या मॉडेलांचंही साधारण असंच दिसतं. एक-दोन बहुधा बरोबर, तीन-चार बऱ्याचदा, त्यापुढे घसरण. फरक एवढाच की माणूस अडला की बोट ठेवून एकेक मोजतो. मॉडेलला ते बोट नाही.

दुसरं कारण शिकवणीत आहे. ही मॉडेलं इंटरनेटवरची चित्रं आणि त्यांच्याखालच्या ओळी यांच्या जोड्यांवर शिकली. आता स्वतःला विचारा, चेंडूंच्या फोटोखाली ‘सात चेंडू’ असं कोण लिहितं? दोन-तीनपर्यंत आपण आकडा लिहितो, पुढे ‘चेंडूंचा ढीग’ म्हणून मोकळे होतो. शिवाय ओळीत ७ आला तरी तो वय असेल, तारीख असेल, मापाचा नंबर असेल. सात या शब्दाचा दिसणाऱ्या सात वस्तूंशी संबंध जोडण्याची संधी मॉडेलला फारशी मिळतच नाही. त्यात शिकवताना गुण दिले जातात ते ‘गोंगाट किती अचूक ओळखला’ यावर, सगळ्या जाळीची सरासरी काढून. मोजणीसाठी वेगळा गुण नाही.

मग ट्रॅफिक सिग्नलला दिवे तीनच कसे येतात? कारण तिथे ‘तीन’ ही संख्या राहिलेली नाही, ती त्या वस्तूच्या चेहऱ्याचा भाग आहे. खात्री करायची असेल तर पाच दिव्यांचा सिग्नल मागून पाहा. बहुधा पुन्हा तीनच येतील. बरोबर आलेली संख्या मोजलेली आहे की आठवलेली, हे ओळखायला माझ्या मते यापेक्षा सोपी चाचणी नाही.

मॉडेलला दिलेल्या वाक्यात, म्हणजे प्रॉम्प्टमध्ये, ‘अगदी नेमके सात’ असं ठासून लिहिल्याने फारसं काही होत नाही. ‘आठ नकोत’ लिहिणं तर अंगाशी येऊ शकतं: नकार नीट कळत नाही आणि ‘आठ’ हा शब्द मात्र वाक्यात हजर होतो. त्यापेक्षा संख्येचं मांडणीत रूपांतर करावं. ‘वरच्या ओळीत तीन चेंडू, खालच्या ओळीत चार, मध्ये मोकळी जागा’ असं लिहिलं की मोठी संख्या दोन छोट्या संख्यांत मोडते, आणि मोकळ्या जागेमुळे दोन डाग एकमेकांत मिसळत नाहीत. ढीग, गुच्छ, टोपली असे शब्द टाळावेत. तिथे वस्तू एकमेकींआड लपतात आणि मग मोजायचं तरी काय?

दुसरा मार्ग नशिबाचा, पण हिशेबाने. प्रत्येक चित्र एका सुरुवातीच्या गोंगाटातून येतं आणि त्या गोंगाटाला सीड नावाचा क्रमांक असतो. समजा एखाद्या प्रॉम्प्टला दहांतून तीनदा सात येतात. मग वेगवेगळ्या सीडची दहा चित्रं काढली, तर एकही बरोबर नसण्याची शक्यता ०.७ चा दहावा घात, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. दहा चित्रं मोजायला मिनिटभर लागतं. सहा आले असतील तर तेच चित्र ठेवून रिकाम्या जागेवर ब्रश फिरवावा आणि फक्त तिथे ‘एक लाल चेंडू’ मागावा. आठ आले तर एकावर ब्रश फिरवून तिथे नुसतं टेबल मागावं. एक ही संख्या मॉडेलला बहुधा जमते.

अलीकडची मॉडेलं सुधारली आहेत, कारण त्यांना अधिक तपशीलवार ओळींवर शिकवलं जातं. तरी पंधरा-वीस वस्तू मागितल्या की तीही डगमगतात. तिथे खात्रीचा उपाय एकच: कागदावर सात वर्तुळं काढायची, तो आराखडा मॉडेलला द्यायचा आणि त्यावर चेंडू रंगवायला सांगायचं. २०२३ साली आलेलं कंट्रोलनेट हे तंत्र असंच चालतं. पहिल्या टप्प्यांतले डाग कुठे पडायचे हे गोंगाटाऐवजी आपली वर्तुळं ठरवतात, आणि सात मोजण्याचं काम आपण पेन्सिल हातात असतानाच करून टाकलेलं असतं.