‘तत्रैव’ म्हणजे नेमकं कुठे?

“इबिड म्हणजे आधी कुठेही येऊन गेलेलं तेच पुस्तक, असंच आम्ही एम.ए.पासून ऐकत आलोय. बरोबर ना सर?”

नाही. ‘इबिड’ हे लॅटिन ‘इबिडेम’चं आखूड रूप, अर्थ ‘त्याच ठिकाणी’. मराठी प्रबंधांच्या तळटिपांत आपण ‘तत्रैव’ किंवा ‘कित्ता’ लिहितो, तेच हे. पण त्याची नजर फक्त एकच टीप मागे जाते. त्याआधीचं पुस्तक पुन्हा दाखवायचं तर लेखकाचं नाव द्यावंच लागतं, सोबत ‘पूर्वोक्त’ किंवा छोटं शीर्षक.

घोळ कसा होतो पाहा. समजा, मराठवाडा मुक्तिसंग्रामावरचा प्रबंध आहे. टीप 12 मध्ये एका आठवणींच्या पुस्तकाचं पान 45, आणि टीप 13 मध्ये ‘तत्रैव, पृ. 52’. इथवर ठीक. मग मार्गदर्शक म्हणतात, 17 सप्टेंबर 1948 साठी वर्तमानपत्राचा दाखला घाला. तो नेमका दोघांच्या मधे बसतो. वर्ड आकडे आपोआप पुढे सरकवतो, ‘तत्रैव’ला मात्र हातही लावत नाही. आता टीप 14 वाचकाला सांगते, वर्तमानपत्राचं पान 52 बघा! सहा-आठ पानी अंकाचं बावन्नावं पान दिसलं, की समजावं मधे काहीतरी घुसलंय.

आधीच्या टिपेत दोन पुस्तकं असली तरी ‘तत्रैव’ अधांतरीच. म्हणून मी मसुद्यात प्रत्येक वेळी आडनाव आणि छोटं शीर्षक लिहायला लावतो. संदर्भ कसे द्यावेत हे सांगणाऱ्या ‘शिकागो मॅन्युअल’नेही 2017च्या आवृत्तीपासून इबिडऐवजी हीच पद्धत पसंत केली आहे.