केनेविकची कवटी आणि वंशाचा अंदाज

जुलै १९९६ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, केनेविक शहराजवळ कोलंबिया नदीच्या पात्रात एक मानवी कवटी सापडली. ती तपासणाऱ्या जेम्स चॅटर्स या मानवशास्त्रज्ञांना लांबट, अरुंद कवटी आणि चेहऱ्याची ठेवण पाहून हा एखादा युरोपीय वसाहतकरी असावा, असे प्रथम वाटले. पुढे त्याच सांगाड्याच्या कमरेच्या हाडात दगडी भाल्याचे टोक रुतलेले आढळले आणि कार्बन कालमापनातून तो माणूस सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा ठरला. त्या काळी तिथे युरोपीय असण्याचा प्रश्नच नव्हता.

कवटीवरून वंशाचे असे अंदाज दोन मार्गांनी बांधले जातात. नाकाच्या पोकळीची रुंदी, तिच्या खालच्या कडेची धार, गालाच्या हाडांचा पुढे आलेला भाग यांसारखी लक्षणे डोळ्यांनी पाहून नोंदवणे हा पहिला मार्ग. दुसऱ्या मार्गात कवटीवरील ठरावीक बिंदूंमधली अंतरे कॅलिपरने मोजून फोर्डिस्कसारख्या संगणकप्रणालीत भरतात. प्रणाली ती मापे तिच्याकडील नमुना गटांशी ताडून पाहते आणि त्यांपैकी सर्वांत जवळचा गट कोणता, ते सांगते.

मेख नेमकी इथेच आहे. प्रत्येक गटाची शक्यता निवडलेल्या गटांपुरतीच काढली जाते आणि त्या सर्वांची बेरीज शंभर टक्के होते. त्यामुळे कवटी यांपैकी एकाही गटातली नसली, तरी एखाद्या गटापुढे ऐंशी-नव्वद टक्के असा भरघोस आकडा दिसू शकतो. कवटी त्या गटात मुळात शोभते का, हे दाखवणारा आकडा वेगळा असतो आणि तो न पाहता काढलेला निष्कर्ष माझ्या मते अंदाज म्हणण्याच्याही लायकीचा नसतो. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ विल्यम हॉवेल्स यांच्या प्रसिद्ध कवटी-मापन संग्रहात भारतीयांपैकी केवळ अंदमानचे आदिवासी आहेत. एखाद्या मराठी माणसाची कवटी त्याच्याशी ताडली, तर उत्तर येईल, पण ते बरोबर असण्याची सोय त्या संग्रहातच नाही.

केनेविकच्या कवटीची मापे ताडली, तेव्हा ती जपानच्या ऐनू आणि पॉलिनेशियन लोकांच्या जवळची निघाली. त्यानंतर २०१५ मध्ये हाताच्या हाडातून मिळालेल्या डीएनएने मात्र आजच्या मूळ अमेरिकी लोकांशीच त्याचे सर्वांत जवळचे नाते दाखवले. त्याच संशोधनात कवटीच्या मापांचीही फेरतपासणी झाली: एकाच लोकसमूहातल्या कवट्यांमध्ये इतकी विविधता असते की, एकट्या कवटीवरून तिचा समूह ठरवता येत नाही, असे त्यातून दिसले.

टीकाकारांचा आक्षेप याहून पुढे जातो. कवटीचा आकार हवामान, आहार आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या यादृच्छिक बदलांनीही घडतो, तर ‘गोरा’ किंवा ‘काळा’ या समाजाने आखलेल्या चौकटी आहेत. म्हणूनच जोनाथन बेथर्ड आणि एलिझाबेथ डिगँजी या मानवशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये अमेरिकेतील अनोळखी मृतदेहांच्या तपासकामातून हा अंदाज वगळण्याची मागणी केली. बेपत्ता व्यक्तींची यादी त्यामुळे आटोपशीर होते, असे पद्धतीचे समर्थक म्हणतात. पण अंदाज चुकला, तर खरी व्यक्ती त्या यादीतूनच गळते. केनेविकचे अवशेष २०१७ मध्ये आदिवासी जमातींकडे सोपवण्यात आले आणि त्यांनी ते दफन केले.