जपानी विंडोज: होकाराचं बटण कोणतं, नकाराचं कोणतं?
(वापरलेला लॅपटॉप घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

लॅपटॉपवर विंडोज १० जपानी भाषेत असेल, तर संदेशाची चौकट उघडल्यावर सगळ्यात आधी बटणावरची कंसातली इंग्रजी अक्षरं पाहा. जपानी अक्षरं वाचता आली नाहीत तरी बऱ्याच बटणांवर ही अक्षरं छापलेली असतात: はい(Y) म्हणजे हो, いいえ(N) म्हणजे नाही. ते अक्षर कीबोर्डवर दाबलं तरी बटण दाबलं जातं, म्हणून चौकट उघडी असताना उगाच काही टाइप करू नका.

सराव पेंटमध्ये करा. एक रेघ ओढा आणि वरचा X दाबा. चित्र जपून ठेवायचं का, असं विचारणारी चौकट येते आणि तिच्यात तीन बटणं असतात. 保存する(S) म्हणजे जपून ठेवा आणि 保存しない(N) म्हणजे न ठेवता बंद करा. शेवटचं キャンセル, म्हणजे रद्द. यावर अक्षर नसतं, पण ते ओळखून ठेवा, कारण अडचणीत हेच वाचवतं. धोक्याचं बटण मधलं आहे. नकार म्हणजे काहीच होणार नाही, असं समजून ते दाबलं की रेघ गेली. आता Esc दाबून पाहा: चौकट जाते, पेंट उघडंच राहतं, रेघही जागेवर असते. कोणतंच बटण ओळखू आलं नाही, तर Esc दाबा.

मात्र Esc सगळीकडे चालत नाही. फक्त हो-नाही विचारणाऱ्या काही चौकटींत वरचा X फिकट दिसतो. तिथे Esc दाबून काही होत नाही आणि (N) निवडावं लागतं. एकच बटण असलेल्या चौकटीत Esc दाबणं म्हणजे तेच बटण दाबणं.

Enter दाबण्याची घाई नको. निळी कड असलेलं बटण Enter ने दाबलं जातं, आणि ते दर वेळी होकाराचंच असतं असं नाही. प्रोग्राम टाकताना स्क्रीन काळवंडून जी परवानगी विचारली जाते, तिथे सहसा नकार आधीच निवडलेला असतो. त्या चौकटीत डावीकडचं बटण हो, उजवीकडचं नाही.

बटणांच्या जागेवर विसंबायचं तर फोनची सवय बाजूला ठेवा. अँड्रॉइडवर होकार सहसा उजव्या टोकाला असतो. विंडोजमध्ये तो डावीकडे आणि रद्द उजव्या टोकाला.

मजकूरच कळायला हवा असेल, तर साध्या संदेशचौकटीत Ctrl+C दाबा. मजकूर आणि बटणांवरचे शब्द दोन्ही कॉपी होतात. ते चौकट बंद न करता नोटपॅडमध्ये चिकटवा, भाषांतर करून वाचा आणि मगच बटण निवडा. परवानगीच्या काळवंडलेल्या स्क्रीनवर हा उपाय चालत नाही. तिथे फोनने फोटो काढा.