पिटफॉल ट्रॅप लावताना आणि आकडे वाचताना

आमचा पिटफॉल ट्रॅपचा, म्हणजे जमिनीत काठापर्यंत पुरायच्या कपांचा, किट घेतलेल्यांचे फोन पावसाळ्यात जास्त येतात, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, कपात ग्राउंड बीटल, म्हणजे जमिनीवर चालणारे भुंगेरे, येतच नाहीत. कप बघायला गेलं की नव्वद टक्के वेळा काठ जमिनीच्या वर राहिलेला दिसतो. दोन मिलिमीटर जरी वर असला तरी छोटा भुंगेरा त्याला धडकतो आणि वळून निघून जातो, म्हणून माती दाबून काठाशी अगदी सपाट करा आणि बोट फिरवून बघा, बोटाला काठ लागता कामा नये.

किटमध्ये दोन कप एकात एक आहेत ते यासाठीच, बाहेरचा खड्ड्यात कायम राहतो आणि आतला उचलून रिकामा करायचा, म्हणजे दर वेळी माती उकरावी लागत नाही. खणल्यावर काही दिवस उकरलेल्या मातीमुळेच कॅच वाढतो, तेव्हा आठवडाभर झाकण लावून ठेवा आणि मगच उघडा. मुंबईच्या पावसात छप्पर हवंच, पण ते काठापासून तीनेक सेंटीमीटर वर ठेवा नाहीतर मोठे भुंगेरे आत शिरत नाहीत. आत प्रोपिलीन ग्लायकॉल आणि पाणी अर्धं अर्धं, वर बिनवासाच्या साबणाचा एक थेंब. इथिलीन ग्लायकॉल स्वस्त पडतं पण कुत्र्या-मांजरांना विषारी आहे, आम्ही ते देत नाही.

आता आकड्यांचं. समजा कॅम्पसमधल्या कापलेल्या लॉनवर १० कप आणि शेजारच्या गुडघाभर गवतात १० कप, ७ दिवस ठेवले, लॉनवर ९० भुंगेरे आले आणि गवतात ३०. लगेच "लॉनवर तिप्पट" लिहू नका. गवतातले ४ कप पहिल्याच रात्री पाणी भरून तरंगले, म्हणजे लॉनवर १० कप गुणिले ७ दिवस म्हणजे ७० कप-दिवस झाले, पण गवतात ६ कप गुणिले ७ दिवस म्हणजे ४२च. भुंगेऱ्यांना कप-दिवसांनी भागलं की लॉन १.२९ आणि गवत ०.७१, तिप्पटचं दुपटीच्याही आत आलं.

उरलेला फरकसुद्धा संख्येचाच असेल असं नाही, कारण कपात पडतो तो चालणारा भुंगेरा. मोकळ्या लॉनवर तो भराभर चालतो, दाट गवतात प्रत्येक काडीला वळसा घालतो, म्हणजे तितकेच भुंगेरे असूनही कमी पडतात. ग्रीनस्लेड यांनी १९६४ मध्येच कपाभोवतीच्या झाडोऱ्याचा हा परिणाम दाखवला होता. तुम्हीही तपासू शकता, गवतातल्या निम्म्या कपांभोवती अर्धा मीटर गवत कापा, बाकीचे तसेच ठेवा, आणि कापलेल्यांत कॅच ठळक वाढला तर फरकाचा बराच भाग चालण्याचा आहे. तसंच उकाडा वाढला की सगळेच जास्त हिंडतात, म्हणून दोन्ही जागांचे कप एकाच आठवड्यात लावा, एक जागा जूनमध्ये आणि दुसरी ऑगस्टमध्ये असं करून तुलना करू नका.

मोठ्या जाती छोट्यांपेक्षा जास्त पडतात, तेव्हा "कुठली जात सर्वात जास्त" हे कपावरून ठरवू नका. मात्र तीच जात, तसंच गवत, त्याच तारखा आणि उकाडाही साधारण तितकाच असेल तर दोन वर्षांची तुलना करा, आणि रिपोर्टमध्ये तरंगलेले कप किती ते आठवणीने लिहा.